वायफायचा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा, मग ६४ अंकांची हेक्स किल्ली कुठून आली?

राउटरच्या सेटिंगमध्ये वायरलेस सुरक्षेचं पान उघडलं की पासवर्डच्या चौकटीखाली बारीक अक्षरात एक ओळ असते: ८ ते ६३ अक्षरं, किंवा ६४ हेक्स अंक. नवख्या माणसाला यातला पहिला भाग कळतो आणि दुसरा खटकतो. पासवर्ड ६३ पर्यंत चालतो, ६४ ही चालतो, मग ‘८ ते ६४’ असं सरळ का लिहीत नाहीत? आणि ६४ अक्षरांचा एखादा लांबलचक पासवर्ड टाकून पाहिला तर राउटर तो नाकारतो.

कारण ती चौकट एक असली तरी तिच्यात दोन निरनिराळ्या गोष्टी टाकता येतात. ८ ते ६३ अक्षरांचा असतो तो पासवर्ड. ६४ अंकांची असते ती खरी किल्ली. पासवर्डपासून किल्ली तयार होते आणि वायफायचं सगळं काम त्या किल्लीवर चालतं. तुम्ही पासवर्ड दिलात तर किल्ली उपकरण बनवतं. किल्लीच दिलीत तर बनवण्याची पायरी वगळली जाते. एवढं डोक्यात बसलं की पुढच्या बहुतेक अडचणी स्वतःच उलगडता येतात, म्हणून आधी तेच नीट पाहू.

इथे जे लिहिलंय ते घरगुती प्रकारच्या डब्ल्यूपीए आणि डब्ल्यूपीए२ या वायफाय सुरक्षेच्या पद्धतींबद्दल आहे, म्हणजे राउटरवर `WPA2-Personal` किंवा `WPA2-PSK` असं दिसतं ते. प्रत्येकाला वेगळं युजरनेम देणारी कार्यालयांतली व्यवस्था वेगळी असते. डब्ल्यूपीए३ चं शेवटी पाहू, कारण तिथे एक महत्त्वाचा फरक पडतो.

पासवर्डची किल्ली कशी होते

डब्ल्यूपीए२ ला लागणारी किल्ली बरोबर २५६ बिटांची असते. एकही बिट कमी नाही, एकही जास्त नाही. माणसाला २५६ बिट लक्षात ठेवता येत नाहीत, म्हणून २००४ सालच्या ८०२.११आय या मानकात पासवर्डवरून किल्ली काढण्याची एक ठरलेली रीत दिली आहे. तिचं नाव `PBKDF2`. तिच्यात दोन गोष्टी घालायच्या: तुमचा पासवर्ड आणि तुमच्या नेटवर्कचं नाव, ज्याला एसएसआयडी म्हणतात. या दोन्हींवर शा-१ वर आधारलेली एक गणिती क्रिया ४०९६ वेळा केली जाते आणि त्यातून २५६ बिट बाहेर पडतात.

हे ४०९६ फेरे मुद्दाम घातले आहेत. तुमचा फोन किल्ली एकदा काढतो, त्याला लागणारा क्षणभराचा वेळ तुम्हाला जाणवतही नाही. पण कोट्यवधी पासवर्ड आजमावून पाहणाऱ्याला प्रत्येक अंदाजासाठी हे सगळे फेरे घालावे लागतात, आणि त्याचं काम तितक्या पटीने वाढतं.

नेटवर्कचं नाव या कृतीत का घेतलं असेल, हाही विचार करण्यासारखा मुद्दा आहे. ते नसतं तर `password` या पासवर्डची किल्ली जगभर एकच झाली असती, आणि कुणीतरी नेहमीच्या पासवर्डांच्या किल्ल्या एकदाच काढून त्यांची यादी करून ठेवली असती. नाव घातल्यामुळे तीच यादी दुसऱ्या नावाच्या नेटवर्कला लागू पडत नाही. म्हणूनच राउटरचं कारखान्यातून आलेलं सर्वसाधारण नाव बदलणं फायद्याचं असतं. जी नावं हजारो ठिकाणी जशीच्या तशी असतात, त्यांच्यासाठी अशा याद्या करून ठेवणं परवडतं.

आता हेक्सचं गणित. हेक्स म्हणजे सोळा चिन्हांची मोजणी: `0` ते `9` आणि मग `a` ते `f`. अशा एका चिन्हात ४ बिट मावतात. २५६ ला ४ ने भागलं की ६४ येतात. म्हणजे ‘६४ अंकी हेक्स किल्ली’ हा कुठला खास जास्तीचा पासवर्ड नाही. तीच २५६ बिटांची किल्ली कागदावर किंवा पडद्यावर लिहिण्याची ती पद्धत आहे. `a` ते `f` मोठ्या लिपीत लिहा की छोट्या, किंमत तीच राहते. पासवर्डमध्ये मात्र मोठं आणि छोटं अक्षर वेगळं धरलं जातं.

६३ वर का थांबले

आता पासवर्डची मर्यादा ६४ च्या एक आधी का ठेवली हे स्पष्ट होतं. समजा पासवर्डला ६४ अक्षरांची मुभा दिली असती आणि तुम्ही चौकटीत `0` ते `9` आणि `a` ते `f` एवढीच चिन्हं वापरून ६४ अक्षरं लिहिली असती. मग राउटरने काय समजायचं? हा पासवर्ड आहे, याला ४०९६ फेऱ्यांतून काढायचं, की ही तयार किल्ली आहे, जशीच्या तशी वापरायची? दोन्ही अर्थ शक्य आहेत आणि दोन्हींतून वेगवेगळ्या किल्ल्या निघतात. फोनने एक अर्थ घेतला आणि राउटरने दुसरा, तर दोघांचं कधीच जुळणार नाही.

म्हणून मानकाने पासवर्ड ६३ वर थांबवला आणि कारणही तिथेच लिहून ठेवलं: ६४ हेक्स अंकांत लिहिलेली किल्ली पासवर्डपासून वेगळी ओळखता यावी. लांबी पाहिली की काम झालं. ६३ किंवा त्याहून कमी असेल तर पासवर्ड, ६४ असेल तर किल्ली. सुरक्षेच्या दृष्टीने ६३ या आकड्याला काहीच खास महत्त्व नाही, आणि हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं, कारण ‘६३ अक्षरांचा पासवर्ड सर्वांत सुरक्षित’ असा समज बराच पसरलेला आहे. कीबोर्डवरच्या सगळ्या ९५ चिन्हांमधून यादृच्छिक निवडलेली साधारण ३९ अक्षरं झाली की २५६ बिटांची मर्यादा गाठली जाते. त्यापुढची अक्षरं किल्लीला आणखी बळ देऊ शकत नाहीत, कारण किल्लीची लांबी ठरलेली आहे.

याच नियमाचा एक परिणाम लक्षात ठेवा. ६४ चिन्हांमध्ये एखादं जरी `g` किंवा `z` किंवा मोकळी जागा आली तर ती किल्ली होऊ शकत नाही, आणि लांबीमुळे पासवर्डही होऊ शकत नाही. अशी गोष्ट नाकारली जाते. उलट, हेक्ससारखी दिसणारी पण ६४ पेक्षा छोटी अक्षरमाला सरळ पासवर्ड धरली जाते. फार जुन्या डब्ल्यूईपी या पद्धतीत १० किंवा २६ हेक्स अंकांची किल्ली असे. कुणी ती जुनी २६ अंकी किल्ली डब्ल्यूपीए२ च्या चौकटीत टाकली तर राउटर आनंदाने घेतो, पण तिला २६ अक्षरांचा पासवर्ड समजतो. तिथे मग मोठं आणि छोटं अक्षर सांभाळावं लागतं.

खालची मर्यादा ८, पण तिथे थांबू नका

वायफायचा पासवर्ड तोडू पाहणारा माणूस राउटरसमोर उभा राहून एकेक पासवर्ड टाइप करत बसत नाही. एखादा फोन नेटवर्कला जोडला जातो तेव्हा फोन आणि राउटर यांच्यात चार निरोपांची देवाणघेवाण होते. या देवाणघेवाणीत किल्ली स्वतः हवेतून जात नाही, पण तिच्यावरून काढलेली तपासणीची खूण जाते. जवळपास असलेला कुणीही ती ऐकून साठवू शकतो. नंतर तो आपल्या संगणकावर निवांतपणे एकेक पासवर्ड घेतो, त्याची किल्ली काढतो आणि खूण जुळते का पाहतो. राउटरला याचा पत्ताही लागत नाही, त्यामुळे ‘पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर बंद’ असली कोणतीही व्यवस्था इथे कामाला येत नाही.

आजचं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड असे दहा लाखांहून जास्त अंदाज एका सेकंदात तपासतं. दहा लाख धरून हिशेब करू. आठ अक्षरं, पण सगळे आकडेच असतील तर एकूण शक्यता १० कोटी होतात, आणि त्या सगळ्या १०० सेकंदांत संपतात. जन्मतारीख आठ आकड्यांत लिहून पासवर्ड केला असेल तर तेवढाही वेळ लागत नाही, कारण खऱ्या तारखा त्याहून कितीतरी कमी आहेत. आठही छोटी इंग्रजी अक्षरं यादृच्छिक असतील तर सुमारे अडीच दिवस. छोटी अक्षरं आणि आकडे मिसळून यादृच्छिक १२ अक्षरं घेतली तर त्याच वेगाने सगळ्या शक्यता पाहायला दीड लाख वर्षं लागतात.

चार अक्षरं वाढवून आकडे मिसळल्यावर दिवसांवरून दीड लाख वर्षांपर्यंत उडी पडते, यात ‘यादृच्छिक’ हा शब्द सगळं काम करतो. माणसाने मनाने रचलेली वाक्यं आणि नावं इतकी बळकट नसतात. ८०२.११आय मानकातच असा अंदाज आहे की साध्या पासवर्डच्या एका अक्षरामागे सरासरी अडीच बिटांचीच सुरक्षा मिळते, आणि २० पेक्षा कमी अक्षरांचा पासवर्ड हल्ले रोखू शकेल अशी शक्यता कमी आहे. म्हणून माझा सल्ला असा: पासवर्ड यंत्राने निवडलेला असेल तर १६ अक्षरं भरपूर झाली, स्वतः रचायचा असेल तर एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घेऊन २० च्या पुढे जा. ६३ पर्यंत जाण्याची गरज जवळजवळ कधीच नसते, आणि टीव्हीच्या रिमोटने ६३ अक्षरं टाइप करताना चूक हमखास होते.

कोणती अक्षरं चालतात

पासवर्डमध्ये आस्की संचातली ३२ ते १२६ या क्रमांकांची चिन्हं चालतात. म्हणजे इंग्रजी मोठी-छोटी अक्षरं, आकडे, कीबोर्डवरची विरामचिन्हं आणि मोकळी जागा. मोकळ्या जागेचा क्रमांक ३२, म्हणून ती पूर्णपणे वैध आहे. पण पासवर्डच्या शेवटी चुकून राहिलेली मोकळी जागाही मोजली जाते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. पासवर्ड मेसेजमधून कॉपी केला असेल आणि जुळत नसेल तर पहिला संशय तिच्यावर घ्या.

देवनागरीत पासवर्ड ठेवावा असं आपल्यापैकी अनेकांना वाटतं. मानक ते मान्य करत नाही. काही उपकरणं तो घेतात, काही नाकारतात. घेतलाच तर लांबी अक्षरांत नाही, बाइटमध्ये मोजली जाते, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘नमस्ते’ मध्ये न, म, स, हलन्त, त आणि एकारची मात्रा अशी सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. ६३ ची मर्यादा २१ चिन्हांतच संपते. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर आकडेही देवनागरीत पडतात, आणि `8` आणि ‘८’ ही संगणकासाठी पूर्ण वेगळी चिन्हं आहेत. वायफायच्या पासवर्डपुरतं इंग्रजी कीबोर्डवर राहणंच बरं. मराठी शब्द हवे असतील तर ते रोमन अक्षरांत लिहा. मानकाचा आक्षेप फक्त चिन्हांना आहे.

स्वतः किल्ली काढून पाहा

मानकात पडताळणीसाठी एक उदाहरण दिलेलं आहे: नेटवर्कचं नाव `IEEE` आणि पासवर्ड `password`. हे घेऊन आपण किल्ली काढू. लिनक्स संगणकावर वायफाय जोडणारं `wpa_supplicant` असेल तर त्याच्यासोबत `wpa_passphrase` नावाचं छोटं साधन बहुधा आलेलं असतं. टर्मिनलमध्ये हे लिहा:

```
wpa_passphrase IEEE password
```

उत्तर असं येतं:

```
network={
	ssid="IEEE"
	#psk="password"
	psk=f42c6fc52df0ebef9ebb4b90b38a5f902e83fe1b135a70e23aed762e9710a12e
}
```

शेवटून दुसरी ओळ पाहा. `psk=` च्या पुढची चिन्हं मोजलीत तर बरोबर ६४ भरतील, आणि त्यात `f` च्या पुढचं एकही अक्षर सापडणार नाही. हीच ती किल्ली. लिनक्स नसेल पण पायथन असेल तर तेच काम या दोन ओळी करतात:

```
import hashlib
print(hashlib.pbkdf2_hmac("sha1", b"password", b"IEEE", 4096, 32).hex())
```

इथे आपण वर बोललो ते सगळं एका ओळीत दिसतं: शा-१, पासवर्ड, नेटवर्कचं नाव, ४०९६ फेरे आणि शेवटी ३२ बाइट, म्हणजे २५६ बिट. उत्तर वरच्या किल्लीशी अक्षर न् अक्षर जुळायला हवं.

आता `IEEE` च्या जागी `ieee` लिहून तेच पुन्हा चालवा. पासवर्ड तोच, पण किल्ली ओळखू न येण्याइतकी बदललेली असेल. नावातल्या नुसत्या मोठ्या-छोट्या अक्षराने असं होतं. पुढे अडचणी सोडवताना हा प्रयोग उपयोगी पडेल.

मर्यादाही तपासून घ्या. सात अक्षरांचा पासवर्ड दिलात तर `wpa_passphrase` किल्ली काढत नाही. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचाच हवा, असं सांगून थांबतं. ६४ अक्षरं दिलीत, मग ती हेक्स का असेनात, तरी तेच. या साधनाचं काम पासवर्डवरून किल्ली काढण्याचं आहे, आणि तयार किल्लीवरून काढण्यासारखं काही उरत नाही.

किल्ली वापरायची कुठे

समजा एका छोट्या लिनक्स उपकरणाला नेटवर्कवर कायमचं बसवायचं आहे. त्याच्या `wpa_supplicant.conf` या फाइलमध्ये नेटवर्कची माहिती दोन प्रकारे देता येते. पासवर्ड द्यायचा तर अवतरण चिन्हांत:

```
psk="password"
```

किल्ली द्यायची तर अवतरण चिन्हांशिवाय:

```
psk=f42c6fc52df0ebef9ebb4b90b38a5f902e83fe1b135a70e23aed762e9710a12e
```

नवख्यांची सर्वांत मोठी अडचण याच दोन चिन्हांमुळे होते. किल्लीला अवतरण चिन्हं लावलीत तर प्रोग्राम तिला पासवर्ड समजतो, लांबी ६४ भरते, आणि लॉगमध्ये `Invalid passphrase length 64 (expected: 8..63)` असा संदेश येतो. उलट, पासवर्डची अवतरण चिन्हं विसरलात तर त्याला हेक्स समजून वाचण्याचा प्रयत्न होतो आणि `Invalid PSK` असं उत्तर मिळतं. दोन्ही वेळी पासवर्ड बरोबरच असतो, फक्त तो कोणत्या प्रकारचा आहे हे चुकीचं सांगितलेलं असतं.

किल्ली ठेवण्याचा फायदा एवढाच, की ती फाइल कुणाच्या हाती लागली तर तुमचा मूळ पासवर्ड त्याला सरळ वाचता येत नाही. तोच पासवर्ड तुम्ही आणखी कुठे वापरत असाल तर तिथला धोका कमी होतो. पण `wpa_passphrase` ने दिलेली `#psk=` ने सुरू होणारी ओळ पुसायला विसरू नका. ती टीप म्हणून आलेली असते, जोडणीसाठी लागत नाही, आणि तिच्यात पासवर्ड उघडा असतो. आज्ञेच्या ओळीत पासवर्ड लिहिला तर तो टर्मिनलच्या इतिहासातही राहतो. त्याऐवजी फक्त `wpa_passphrase` आणि नेटवर्कचं नाव एवढंच लिहा, मग साधन थांबून पासवर्ड मागतं.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. किल्ली हेक्समध्ये दिसते म्हणून ती ‘कुलूपबंद केलेला पासवर्ड’ आहे, ती कुणाला दाखवली तरी चालते, असं वाटू शकतं. तसं मुळीच नाही. ज्याच्याकडे ती ६४ चिन्हं आहेत तो तुमच्या नेटवर्कला थेट जोडू शकतो, पासवर्ड माहीत नसतानाही. नेटवर्कपुरतं बोलायचं तर ती पासवर्डइतकीच गुप्त ठेवायला हवी. आणि `password` वरून काढलेली किल्ली कितीही भयानक दिसली तरी तिचं बळ `password` एवढंच आहे, कारण तोडणारा किल्लीचा अंदाज करत नाही, पासवर्डचा करतो.

खरोखर २५६ बिटांचं बळ हवं असेल तर किल्ली पासवर्डवरून काढायचीच नाही. ती यादृच्छिक बनवायची:

```
openssl rand -hex 32
```

३२ बाइट म्हणजे ६४ हेक्स अंक. येणारी ओळ राउटरच्या चौकटीत तशीच चिकटवायची आणि प्रत्येक उपकरणातही तशीच द्यायची. अंदाज करून हे तोडणं शक्य नाही, पण किंमतही मोजावी लागते. ती कुणाला तोंडी सांगता येत नाही, आणि काही प्रिंटर, कॅमेरे व छोटी घरगुती उपकरणं ६४ अंक स्वीकारतच नाहीत; त्यांची चौकट ६३ वर थांबते. पाहुण्यांनाही वापरता येईल असं नेटवर्क असेल तर १६-२० अक्षरांचा यादृच्छिक पासवर्ड जास्त सोयीचा. दोन ठरावीक यंत्रांमधल्या जोडणीला, जिथे टाइप करायचंच नाही, तिथे हेक्स किल्ली शोभते.

जोडलं जात नाही तेव्हा

सर्वांत आधी नकार कधी आला ते बघा. पासवर्ड टाइप करून झाला तरी जोडणीचं बटण निष्क्रियच आहे, किंवा राउटर सेव्ह करू देत नाही, तर गडबड लांबीची किंवा चिन्हांची आहे. हवेतून अजून काहीच गेलेलं नाही. अक्षरं मोजा. ६४ अंकी किल्ली कॉपी करताना मध्ये मोकळी जागा किंवा `:` शिरली की लांबी बिघडते; पीडीएफमधून कॉपी केली तर ओळ तुटून असं सहज होतं.

उपकरणाने पासवर्ड घेतला, थोडा वेळ प्रयत्न केला आणि मग नाही म्हटलं, तर लांबी ठीक आहे पण दोन्हीकडच्या किल्ल्या जुळत नाहीत. `wpa_supplicant` च्या लॉगमध्ये तेव्हा `4-Way Handshake failed - pre-shared key may be incorrect` असं येतं. त्याहून जास्त काही ते सांगू शकत नाही, कारण किल्लीतलं एक चिन्ह चुकलं की सगळीच चुकली हे बाहेरून सारखंच दिसतं. पासवर्ड बरोबर असल्याची खात्री असेल तर नेटवर्कच्या नावाकडे वळा. राउटरचं नाव बदललं आणि पासवर्ड तोच ठेवला, तर पासवर्ड जपून ठेवणाऱ्या फोनमध्ये नवं नाव निवडून तोच पासवर्ड दिला की काम होतं. पण ज्या उपकरणात तुम्ही पासवर्डवरून काढलेली ६४ अंकी किल्ली लिहिली होती, तिथे नुसतं `ssid` बदलून चालत नाही. ती किल्ली जुन्या नावावरून निघालेली आहे. नव्या नावाने `wpa_passphrase` पुन्हा चालवून नवी किल्ली घालावी लागते. `openssl` ने बनवलेल्या यादृच्छिक किल्लीला ही बाधा होत नाही, कारण तिच्यात नाव कधी मिसळलंच नव्हतं.

तिसरी तऱ्हा अशी, की सगळी उपकरणं जोडली जातात आणि एकच जोडलं जात नाही. तेव्हा त्या उपकरणाची चौकट लांब पासवर्ड गुपचूप कापते का, किंवा `"` आणि `\` अशी चिन्हं त्याला झेपत नाहीत का, ते तपासा. तात्पुरता फक्त अक्षरं आणि आकडे असलेला २० अक्षरांचा पासवर्ड ठेवा. त्याने जोडलं गेलं तर उत्तर मिळालं.

डब्ल्यूपीए३ वर हेक्स किल्ली

डब्ल्यूपीए३ मध्ये किल्ली ठरवण्याची रीत वेगळी आहे, तिला एसएई म्हणतात. तिथे पासवर्ड प्रत्यक्ष हाती असावा लागतो. आधी काढून ठेवलेली ६४ अंकी किल्ली उपयोगी पडत नाही. हवेतून ऐकून साठवायचं आणि नंतर निवांत अंदाज तपासायचे, ही युक्तीही तिथे चालत नाही. एसएईच्या नियमांत पासवर्डला ८ ते ६३ ची अट नाही, पण बहुतेक चौकटी सवयीने तीच लावतात, आणि जुन्या उपकरणांशी जुळवून घ्यायचं तर ती पाळणं सोयीचं असतं.

राउटरवर `WPA2/WPA3` असा मिश्र पर्याय असेल तर ज्या उपकरणात फक्त हेक्स किल्ली आहे ते डब्ल्यूपीए२ नेच जोडलं जाईल. एखाद्या दिवशी तुम्ही राउटर निव्वळ डब्ल्यूपीए३ वर नेलात की ते उपकरण नेटवर्कवरून नाहीसं होईल. बदल करण्याआधी त्याच्या फाइलमध्ये किल्लीच्या जागी अवतरण चिन्हांतला मूळ पासवर्ड लिहा, आणि त्या उपकरणाला डब्ल्यूपीए३ येतं याची खात्री करून घ्या. येत नसेल तर राउटर मिश्र पर्यायावरच राहू द्या.